उतारा आधी संपतो

जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या तेरू ओगुरा आणि सोता हिरागा यांनी 1983 साली एक चक्रावून टाकणारं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जीवाणू. त्याच्या पेशीत त्यांनी एक प्लाझ्मिड ठेवलं होतं. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राखेरीज पेशीत असणारं डीएनएचं छोटं, सुटं वर्तुळ. या प्लाझ्मिडच्या नव्या प्रती निघणं हवं तेव्हा बंद करता येईल अशी सोय प्रयोगात होती, आणि जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्राला त्यामुळे धक्का लागत नव्हता. प्रती निघणं बंद केलं तर काय व्हावं? पेशी वाढत राहतील, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतील, असलेल्या प्रती त्यांच्यात वाटल्या जातील आणि थोड्याच वेळात बहुतेक पेशी प्लाझ्मिडविना राहतील. त्यात जीवाणूचं काही बिघडायला नको होतं, कारण प्लाझ्मिड ही त्याची रोजची गरज नव्हे. त्याच्यावाचून तो मजेत जगतो.

झालं वेगळंच. जिवंत पेशींची संख्या थोडी वाढली आणि थांबली. ती नेमकी कुठे थांबली हे लक्षात घेण्यासारखं होतं: दर पेशीमागे प्लाझ्मिडची एकच प्रत उरते तिथे. प्लाझ्मिडचा एक लहानसा तुकडा काढून टाकला की हा प्रकार बंद व्हायचा आणि पेशी पुन्हा बिनदिक्कत वाढायच्या. त्या तुकड्यात दोन जनुकं होती.

दोघांनी याचा जो अर्थ लावला तो त्या वेळी अगदी पटण्यासारखा होता. प्रत एकावर आली की प्लाझ्मिड पेशीचं विभाजनच रोखून धरतं, दुसरी प्रत तयार होईपर्यंत तिला थांबवतं, असं त्यांना वाटलं. दोनच वर्षांनी, 1985 मध्ये, अलीन जाफे यांच्यासह त्यांनीच पेशी अधिक बारकाईने पाहिल्या आणि चित्र उलटलं. प्लाझ्मिड असलेली पेशी थांबतच नव्हती. ती विभागत होती, आणि तिच्या दोन मुलींपैकी जिच्या वाट्याला प्लाझ्मिड आलं नाही ती पुढे दोऱ्यासारखी लांबत जाऊन मरत होती.

आकड्यांत मांडलं तर दोन्ही अर्थ सारखेच का दिसतात ते कळतं. समजा, प्रती निघणं बंद झालं तेव्हा एका पेशीत चार प्रती होत्या आणि त्या सारख्या वाटल्या गेल्या. पहिल्या विभाजनानंतर दोन पेशी, प्रत्येकीत दोन प्रती. दुसऱ्यानंतर चार पेशी, प्रत्येकीत एक. तिसऱ्यानंतर आठ पेशी होतात, पण प्रती चारच. उरलेल्या चार पेशी रिकाम्या, आणि त्या मरतात. पुढच्या पिढीत त्या चार जिवंत पेशींच्या पुन्हा आठ होतात, पुन्हा चार मरतात. बाहेरून मोजणाऱ्याला जिवंत पेशींचा आकडा चारावर खिळलेला दिसतो, जणू विभाजनच थांबलंय. आत मात्र दर पिढीला निम्म्यांचा बळी जात असतो.

प्लाझ्मिडला इतकी टोकाची सोय लागते याचं कारण वाटपाच्या गणितात आहे. पेशी विभागताना प्लाझ्मिडच्या प्रती केवळ नशिबावर सोडल्या, तर प्रत्येक प्रत डावीकडे किंवा उजवीकडे जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी. विभाजनाच्या वेळी पेशीत वीस प्रती असतील तर सगळ्या एकाच बाजूला जाण्याची शक्यता सव्वापाच लाखांत एक इतकी कमी. अशा प्लाझ्मिडला वाटपाची फिकीर नसते. पण मोठ्या प्लाझ्मिडला वीस प्रती परवडत नाहीत. लाखभर अक्षरांचा डीएनए वीस वेळा सांभाळायचा म्हणजे यजमान पेशीच्या वाढीवरच भार. म्हणून अशी प्लाझ्मिडं पेशीमागे एक-दोनच प्रती ठेवतात आणि विभाजनाच्या सुमारास त्या तीन-चार होतात. चार प्रती नशिबावर सोडल्या तर दर आठ विभाजनांत एकदा एक मुलगी रिकामी निघणार. प्लाझ्मिडच्या दृष्टीने ही गळती भयंकर आहे, आणि रिकामी पेशी ओझं नसल्यामुळे थोडी वेगानेच वाढते, हे त्याहून वाईट.

क्योटोचं प्लाझ्मिड ‘एफ’ या नावाचं होतं. पण ही यंत्रणा सेकंद-मिनिटांच्या पातळीवर कशी चालते हे समजून घ्यायचं तर ‘आर-1’ नावाच्या दुसऱ्या प्लाझ्मिडकडे जावं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये साल्मोनेला पॅराटायफी या जीवाणूत ते सापडलं. सुमारे 97 हजार अक्षरांच्या या वर्तुळावर अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सल्फा औषधं अशा पाच प्रकारच्या औषधांना दाद न देण्याची जनुकं एकत्र बसलेली होती. डेन्मार्कमधल्या ओडेन्से विद्यापीठात केन गेर्डेस आणि सोरेन मोलिन यांचा गट हे प्लाझ्मिड टिकून कसं राहतं याचा शोध घेत होता. त्यांना त्यावर दोन वेगळ्या जागा सापडल्या. दोन्हींपैकी कोणतीही एक जागा दुसऱ्या एखाद्या डळमळीत प्लाझ्मिडला जोडली की ते टिकाऊ व्हायचं. म्हणून दोन्हींना एकाच धर्तीची नावं मिळाली, पार-ए आणि पार-बी.

पार-एचं काम सरळ निघालं. तिथलं एक प्रथिन लांबत जाणारे धागे तयार करतं आणि प्लाझ्मिडच्या दोन प्रती पेशीच्या दोन टोकांकडे ढकलतं. म्हणजे वाटप नशिबावर न सोडता नीट करून देतं. पार-बी जेमतेम 580 अक्षरांचा तुकडा, पण परिणाम तितकाच दमदार. तो जोडला की प्लाझ्मिड गमावलेल्या पेशींचं प्रमाण सुमारे शंभरपटीने घटायचं. तोही वाटपच सुधारत असावा असं वाटणं साहजिक होतं.

फरक ओळखायचा कसा? प्रतिजैविक न घालता जीवाणू बऱ्याच पिढ्या वाढवायचे, मग ते पातळ करून प्लेटवर पसरायचे आणि उगवलेल्या कॉलन्यांपैकी किती अँपिसिलिनच्या प्लेटवर वाढतात हे पाहायचं, ही प्लाझ्मिड टिकलं की नाही हे तपासायची नेहमीची रीत. या रीतीत दोघांचा निकाल सारखाच दिसतो, कारण प्लेटवर कॉलनी उगवते ती जिवंत पेशीचीच. मेलेली पेशी या हिशेबात येतच नाही. म्हणून दुसरं काहीतरी मोजावं लागतं. प्रती निघणं बंद करून जिवंत पेशींचा आकडा पाहिला, तर नुसती वाटप करणारी यंत्रणा असलेल्या संवर्धनात तो वाढतच जातो, रिकाम्या पेशीही जिवंत असतात म्हणून. पार-बी असलेल्या संवर्धनात मात्र तो क्योटोसारखाच सपाट होतो. दुसरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. पार-बीच्या संवर्धनात अधूनमधून काही विचित्र पेशी दिसत: दोन्ही टोकांना गडद द्रव्य गोळा झालेलं आणि मधला भाग पारदर्शक. या पेशींना ‘घोस्ट सेल’ असं नाव पडलं. 1986 साली गेर्डेस, रासमुसेन आणि मोलिन यांनी या प्रकाराला ‘पोस्ट-सेग्रिगेशनल किलिंग’ म्हटलं. मराठीत विभाजनोत्तर हत्या म्हणता येईल.

या शब्दाला थोडं चिकटून राहायला हवं, कारण ‘प्लाझ्मिड स्थिर करणारी यंत्रणा’ असं सरसकट लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. हत्या विभाजनानंतरची आहे. प्लाझ्मिड हरवणं ती रोखत नाही. पार-बी असो वा नसो, रिकाम्या मुली तितक्याच जन्माला येतात. गैरहजर मुलांची नावं पटावरून कापून शंभर टक्के हजेरी दाखवणाऱ्या शाळेसारखा हा हिशेब आहे. वर्गात जे बसलेत ते सगळे हजर आहेत, हे खरंच. पण एकही मूल जास्तीचं शाळेत आलेलं नाही.

आता यंत्रणेकडे. त्या 580 अक्षरांत एक विष आहे आणि एक उतारा. विषाचं नाव ‘हॉक’. हे अवघ्या 52 अमिनो आम्लांचं प्रथिन. ते पेशीच्या आतल्या पटलात शिरलं की पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब कोसळतो, श्वसन बंद पडतं, आतलं द्रव्य बाहेर झिरपू लागतं आणि पेशी घोस्ट होते. उताऱ्याचं नाव ‘सॉक’. हे प्रथिन नव्हे, साठ-पासष्ट अक्षरांचा आरएनएचा तुकडा आहे. हॉक प्रथिन तयार करण्याची आज्ञा ज्या संदेशवाहक आरएनएवर लिहिलेली असते, त्याच्याच एका भागाला सॉकची अक्षरं उलट बाजूने तंतोतंत जुळतात. सॉक त्याला चिकटला की हॉकचं प्रथिन बनत नाही, आणि दोघांची जोडी झालेला आरएनए पेशीतलं एक एन्झाइम कापून टाकतं. म्हणजे उतारा विषाशी झगडत नाही. विष बनायच्या आधीच त्याची आज्ञा रद्द करतो.

प्लाझ्मिड पेशीत असेपर्यंत दोन्ही बनत राहतात, सॉक जास्त आणि हॉकची आज्ञा कमी. गंमत त्यांच्या आयुष्यात आहे. सॉकचं अर्धायुष्य सुमारे अर्धा मिनिट, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला असलेल्या सॉकपैकी निम्मा नष्ट होतो. हॉकच्या संदेशवाहकाचं अर्धायुष्य वीस मिनिटांच्या आसपास. आता विभाजन झालं आणि एका मुलीला प्लाझ्मिड मिळालं नाही असं धरा. पेशीतला रस मात्र दोघींना सारखाच मिळाला, म्हणजे तिच्याकडे आईचा सॉकही आहे आणि हॉकची आज्ञाही. नवं काहीच बनणार नाही, कारण साचा हरवला. पाच मिनिटांत सॉकची दहा अर्धायुष्यं संपतात आणि हजारातला जेमतेम एक तुकडा उरतो. तेवढ्याच पाच मिनिटांत हॉकची आज्ञा शंभरातली चौऱ्याऐंशी शिल्लक असते. उतारा संपला, विषाची आज्ञा जवळजवळ जशीच्या तशी. वाचायला सुरुवात होते आणि पेशी मरते. प्लाझ्मिड असलेल्या बहिणीच्या पेशीतही सॉक तितक्याच वेगाने नष्ट होतो, पण तो सतत नव्याने बनत असतो, एवढाच फरक.

इथे जाणकार वाचकाला एक शंका यायला हवी. प्लाझ्मिड असलेल्या पेशीत सॉक एवढ्या मुबलक प्रमाणात असेल आणि हॉकच्या आज्ञेला चिकटून तिचा नाश घडवत असेल, तर त्या आज्ञेचा साठा मुळात होतोच कसा? सॉकने तो केव्हाच संपवायला हवा. मग रिकाम्या मुलीला वारसा कसला मिळणार?

या प्रश्नाचं ओडेन्सेच्या गटाने काढलेलं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. हॉकचा संदेशवाहक आरएनए तयार होतो तेव्हा त्याचं शेवटचं टोक उलटं वळून सुरुवातीच्या भागाशी जोड्या जुळवतं. अशा मिटलेल्या अवस्थेत त्याच्यावरून प्रथिन बनू शकत नाही, आणि सॉकलाही चिकटायला जागा सापडत नाही. तो दोन्ही बाजूंनी बंद असतो, आणि म्हणूनच टिकतो. पेशीतली एन्झाइमं त्याचं शेवटचं टोक हळूहळू कुरतडत असतात. सुमारे चाळीस अक्षरं गेली की टोकाची पकड सुटते, आरएनए नव्याने दुमडतो आणि उघडा पडतो. आता त्याच्यावरून प्रथिन बनू शकतं, आणि सॉकही चिकटू शकतो. प्लाझ्मिड असलेल्या पेशीत सॉक तयारच असतो, त्यामुळे उघडा पडलेला प्रत्येक संदेशवाहक लगेच नष्ट होतो. प्लाझ्मिड नसलेल्या पेशीत मिटलेल्या साठ्यातून एकेक उघडत राहतो आणि अडवायला कुणीच नसतं. आज्ञेचा साठा बंद ठेवणं आणि तो ठरावीक गतीने उघडत जाणं, या दोन गोष्टींवर ही सगळी यंत्रणा उभी आहे.

त्यात आणखी एक बारकावा आहे. सॉक हॉकच्या सुरुवातीला थेट झाकत नाही. हॉकच्या अक्षरांवरच थोडं आधी सुरू होणारं ‘मॉक’ नावाचं दुसरं वाचन असतं, आणि मॉक वाचला गेला तरच हॉक वाचला जातो. सॉक मॉकची सुरुवात झाकतो, आणि दोन्ही बंद होतात.

एफ प्लाझ्मिडची क्योटोत सापडलेली जोडी याच तत्त्वावर पण वेगळ्या सामानाने चालते. तिथे विष आणि उतारा दोन्ही प्रथिनं आहेत. सीसीडी-बी हे 101 अमिनो आम्लांचं विष डीएनए गायरेझ या एन्झाइमला धरतं. गायरेझ डीएनएचे पीळ सोडवण्यासाठी त्याचे दोन्ही धागे क्षणभर कापतं आणि पुन्हा जोडतं. सीसीडी-बी त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. डीएनए तुटका राहतो, पेशी विभागणं थांबवून नुसती लांबत जाते, आणि जाफे यांना दिसलेले ते दोरे हेच. उताऱ्याचं नाव सीसीडी-ए. तो विषाला मिठी मारून निष्प्रभ करतो, पण लॉन नावाचं एन्झाइम त्याला सतत तोडत असतं. विषाला ते हात लावत नाही. पुन्हा तेच: उतारा अल्पायुषी, विष दीर्घायुषी. पुढे अशा अनेक जोड्या वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर सापडल्या. कुणी पटल फोडतं, कुणी गायरेझ अडवतं, कुणी प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेवर घाला घालतं. आयुष्याच्या लांबीतला हा फरक त्या सगळ्यांत समान आहे.

सीसीडी-बीचा प्रयोगशाळांनी मात्र मोठा उपयोग करून घेतला. जनुकं जोडण्याच्या कामात ज्या प्लाझ्मिडमध्ये हवा तो तुकडा बसला नाही ती वेगळी काढणं ही कटकट असते. तुकडा जिथे बसायचा तिथे आधीच सीसीडी-बी ठेवलं, की तुकडा न बसलेली पेशी आपोआप मरते. मग असं प्लाझ्मिड वाढवायचं कशात? ज्याच्या गायरेझमधल्या 462व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललं आहे आणि ज्याला म्हणून हे विष बाधत नाही, अशा ई. कोलायमध्ये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटाने हेच विष दुसऱ्या कामासाठी वापरलं. त्याची एकेक जागा बदललेली चौदाशेच्या आसपास रूपं तयार केली आणि कोणत्या बदलाने प्रथिन निकामी होतं हे तपासलं. बदल निकामी करणारा असेल तर पेशी जगते, त्यामुळे निकाल वाचायला सोपा.

गायरेझमधल्या त्या एका बदलातच या हत्येची मर्यादाही दिसते. विषाला दाद न देणारी पेशी निर्माण होऊ शकते. प्लाझ्मिडवरच्या विषाच्या जनुकातही बिघाड होऊ शकतो, आणि मग प्लाझ्मिड गमावलेली मुलगी जगते. अशा निसटलेल्या पेशींचं पुढे काय होतं हे आकड्यांत पाहू. समजा, दहा लाखांत एक पेशी निसटली आणि ओझं नसल्यामुळे ती दर पिढीला पाच टक्के जास्त वाढते. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण असंभव नाहीत. दर पिढीला तिचं प्रमाण 1.05 पटीने वाढत जातं, आणि सुमारे 283 पिढ्यांत निसटलेल्या पेशी आणि प्लाझ्मिडवाल्या पेशी बरोबरीला येतात. वीस मिनिटांची पिढी धरली तर हे चार दिवसांचं काम. हत्या करणारी यंत्रणा या काळात काहीच करू शकत नाही, कारण तिचं विष प्लाझ्मिड नुकतंच गमावलेल्या पेशीतच काम करतं. ज्या पेशीत ते कधी नव्हतंच, किंवा जी एकदा निसटली, तिच्यावर या यंत्रणेचा काही अधिकार चालत नाही.

मग प्लाझ्मिडला यात फायदा कोणता? टिम कूपर आणि जॅक हाइनमन यांनी 2000 साली न्यूझीलंडमधून प्रसिद्ध केलेल्या कामात हा प्रश्न सरळ विचारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रिकाम्या पेशी मारून प्लाझ्मिडला स्वतःच्या संख्येत काही मिळत नाही. खरा फायदा होतो तो दुसऱ्या प्लाझ्मिडशी स्पर्धा असते तेव्हा. एकाच घराण्यातली दोन प्लाझ्मिडं एका पेशीत फार काळ एकत्र राहू शकत नाहीत, कारण प्रतींचं नियंत्रण दोघांचं एकच असतं. अशा पेशीत ‘क’ हे विष-उतारा असलेलं आणि ‘ख’ हे तसं काही नसलेलं प्लाझ्मिड एकत्र आलं असं धरा. पुढच्या काही विभाजनांत ती वेगळी होतात. ज्या मुलीला फक्त ‘क’ मिळालं ती जगते. जिला फक्त ‘ख’ मिळालं तिने ‘क’ गमावलं, म्हणून ती मरते आणि सोबत ‘ख’ही जातं. ‘ख’मध्ये काही उणीव नव्हती. ते चुकीच्या पेशीत भेटलं, एवढंच. प्लाझ्मिडं एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जात-येत असतात, आणि अशा गाठी जिथे वारंवार पडतात तिथे ‘क’ जिंकत जातं. मला हा युक्तिवाद पटतो. पटलावरच्या विद्युतदाबापर्यंत पोहोचलेली ही हत्यारं केवळ जीवाणूला धाकात ठेवण्यासाठी असतील यापेक्षा, एका प्लाझ्मिडने दुसऱ्याला हुसकण्यासाठी असतील हे त्यांच्या वागण्याशी अधिक जुळतं.

जीवाणूंनीही काही ठिकाणी याला तोड काढलेली दिसते. अर्विनिया या वनस्पतींना रोग करणाऱ्या जीवाणूच्या गुणसूत्रावर सीसीडीसारखीच एक जोडी आहे. ब्रसेल्समध्ये लॉरेन्स व्हॅन मेल्डेरेन यांच्या गटाने 2008 साली दाखवलं, की तिथला उतारा एफ प्लाझ्मिडच्या विषालाही पुरतो. म्हणजे ही जोडी ज्या पेशीच्या गुणसूत्रावर आहे, ती एफचं प्लाझ्मिड गमावूनही जगू शकते. उतारा घरचाच, प्लाझ्मिडवर अवलंबून राहायला नको.

रुग्णालयात हा प्रकार कसा भेटतो, तेही पाहू. लघवीच्या मार्गाच्या संसर्गात हल्ली वारंवार सापडणारा ई. कोलायचा एक वाण आहे, एसटी131. तो सीटीएक्स-एम-15 हे एन्झाइम बनवतो आणि त्यामुळे सेफोटॅक्सिमसारख्या औषधांना जुमानत नाही. या एन्झाइमची पहिली नोंद भारतातून 1999 साली मिळालेल्या जीवाणूंत झाली. ब्रिटनमधल्या एका एसटी131 वाणातल्या अशा प्लाझ्मिडची पूर्ण अक्षरं 2009 साली वाचली गेली, तेव्हा त्यावर हॉक-मॉकसह विष-उताऱ्याच्या एकाहून अधिक जोड्या सापडल्या. औषध बंद केलं की प्रतिरोध आपोआप ओसरेल या आशेत इथे अडचण येते. औषधाच्या अभावी प्लाझ्मिड हे पेशीवरचं ओझंच ठरतं, पण ते टाकणारी पेशी ओझ्याशिवाय वाढण्याआधीच मरते. औषध थांबवून प्रतिरोध कधीच ओसरत नाही असं नाही. पण तो ओसरतो तेव्हा प्लाझ्मिड टाकलेल्या पेशींमुळे नव्हे, तर मुळात प्लाझ्मिड नसलेल्या जीवाणूंनी जागा घेतल्यामुळे बऱ्याचदा ओसरतो.

प्लाझ्मिड मुद्दाम काढून टाकायचं असेल तर क्रम उलटा करावा लागतो: आधी उतारा बाहेरून पुरवायचा, मग प्लाझ्मिड घालवायचं. बर्मिंगहॅम विद्यापीठात क्रिस्टोफर थॉमस यांच्या गटाने यासाठी ‘पीक्युअर’ नावाची प्लाझ्मिडं तयार केली. त्यांच्यावर नको असलेल्या प्लाझ्मिडच्या प्रती निघणं रोखणारा तुकडा असतो, आणि त्या प्लाझ्मिडच्या विषांचे उतारेही असतात. ती पेशीत आली की जुन्या प्लाझ्मिडच्या नव्या प्रती निघत नाहीत, रिकाम्या मुली जन्मतात, आणि नव्या प्लाझ्मिडवरून उतारा मिळत राहिल्याने त्या जगतात. पुढे याच गटाने स्वतःहून एका पेशीतून दुसरीत जाणाऱ्या प्लाझ्मिडवर ही सोय बसवली. प्रयोगशाळेतल्या संवर्धनात कुठलंही औषध न घालता जुनी प्लाझ्मिडं हटली. उंदरांमध्येही परिणाम दिसला, पण प्रसार मंद होता आणि त्यासाठी निवडीचा वेगळा दाब द्यावा लागला.